गोगलगायीचं चित्र अंकात घेण्याआधी

प्रश्न: नमस्कार सर. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं पाक्षिक बातमीपत्र आणि वेबसाइट मी बघते. या अंकात सोयाबीनवरच्या गोगलगायींचा लेख आहे. चांगला फोटो मिळाला नाही म्हणून एआयवर चित्र करून घेतलं. शेतकरी हातात गोगलगाय धरून उभा आहे, मागे सोयाबीन. मला तर छान वाटतंय. छापायच्या आधी अशा चित्रात नेमकं काय काय तपासायचं? काही यादी असेल तर द्या.

उत्तर:

ताई, तुमचं चित्र मी मोठ्या स्क्रीनवर उघडून पाहिलं. दिसायला छान आहे, पण आहे तसं छापू नका. त्यात चार चुका आहेत आणि त्यातली एक माणसाच्या जिवाशी येऊ शकते. छत्रपती संभाजीनगरला एका शेतीविषयक मासिकात मी वीस-बावीस वर्षं अंकाची चित्रं आणि मांडणी बघतोय. एआय चित्रं टेबलावर यायला लागली तेव्हा आम्हीही एक यादी केली होती. बोटं किती, डोळे सारखे आहेत का, सावली कुठे पडते, वगैरे. ती यादी आता फारशी उपयोगाची राहिली नाही, कारण बोटं बहुतेक वेळा पाचच येतात. ज्या चुका आता येतात त्या चित्रकलेच्या नसून विषयाच्या असतात, आणि विषय माहीत असलेल्या माणसालाच त्या दिसतात. म्हणून सगळी यादी तुमच्या याच चित्रावर लावून दाखवतो.

पहिला प्रश्न चित्र बघायच्या आधीच विचारायचा: वाचक हे चित्र बघून काय करणार? गोगलगायीच्या लेखातलं चित्र बघून शेतकरी आपल्या बांधावर जाऊन "हीच का ती?" म्हणून जुळवून बघणार. म्हणजे तुमचं चित्र ओळख पटवण्याचं काम करतंय. कीड, रोग, तण, औषधाची बाटली, बियाण्याची पिशवी, यंत्राचा भाग, कागदपत्राचा नमुना, एखादी जागा, एखादी घडलेली घटना: यापैकी काहीही वाचक चित्रावरून ओळखणार असेल, तर तिथे एआय चित्र लावायचंच नाही. ते कितीही हुबेहूब दिसलं तरी नाही. एआय एखाद्या विशिष्ट गोगलगायीचा फोटो काढत नाही, त्याने पाहिलेल्या हजारो गोगलगायींची सरासरी काढतो. आपल्या शेतात मात्र सरासरी गोगलगाय येत नाही. तिथे येते ती एकच, ठरावीक जात.

तुमच्याच चित्रात बघा. शेतकऱ्याच्या हातातल्या गोगलगायीचं कवच गोल आहे, भोवऱ्यासारखं, फिकट पिवळसर. ही युरोपातल्या बागांमधली गोगलगाय. इंटरनेटवर तिचे फोटो मुबलक आहेत, म्हणून तुम्ही नुसतं "गोगलगाय" लिहिलंत की बहुतेक वेळा तीच येते. लातूर, धाराशिव, बीड भागात 2022 च्या खरिपात ज्या गोगलगायींनी सोयाबीनची उगवण खाऊन टाकली आणि लोकांना दुबार पेरणी करावी लागली, ती शंखी गोगलगाय. तिचं शास्त्रीय नाव अकॅटिना फुलिका, मूळ पूर्व आफ्रिकेतली. तिचं कवच लांबट, एका टोकाला निमुळतं, शंखासारखं असतं. म्हणून तर नाव शंखी. रंग तपकिरी, त्यावर गडद उभे पट्टे. पूर्ण वाढलेली असेल तर कवच बोटाएवढं लांब, कधी त्याहूनही मोठं. आता समजा एखाद्या शेतकऱ्याने तुमचं गोल कवचाचं चित्र बघितलं आणि आपल्या बांधावरच्या लांबट शंखाकडे बघून "ही ती नव्हे" असं ठरवलं. लेखातला एकही शब्द चुकलेला नसताना लेख वाया गेला.

तिथेच आणखी एक बारीक गोष्ट आहे. कवचाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं तर शंखी गोगलगायीचं तोंड उजव्या हाताला येतं. डाव्या हाताला येणं फार दुर्मिळ. एआय चित्रात हे कसंही येतं. शिवाय मांडणी करणारे आपण लोक "माणूस पानाच्या आत बघायला हवा" म्हणून चित्र आडवं उलटवतो आणि बरोबर असलेलं कवचही चुकवून ठेवतो. चित्र उलटवलं असेल तर उलटवल्यानंतर पुन्हा पहिल्यापासून बघायचं. ही सवय मला एका पाटीने लावली. मागच्या भिंतीवरची अक्षरं उलटी छापली गेली होती आणि अंक टपालात पडल्यावर ती दिसली.

दुसरी चूक पिकाची. तुमचा लेख उगवणीच्या काळाबद्दल आहे. पेरणी झाली, दोन-चार चांगले पाऊस पडले, रोपं चार बोटं वर आली की गोगलगायी रात्रीतून कोवळी रोपं खातात. चित्रात मागे सोयाबीन कंबरेएवढं आहे आणि त्याला शेंगा लागल्यात. म्हणजे लेख जूनअखेर-जुलैचा आणि चित्र सप्टेंबरचं. शेतकऱ्याला हे एका नजरेत दिसतं. आणि जवळून बघा, त्या शेंगा सोयाबीनच्या नाहीतच. लांब, गुळगुळीत, चकचकीत हिरव्या, आत गोल दाणे उठून दिसतायत. तो वाटाणा आहे. सोयाबीनची शेंग आखूड असते, तिच्यावर बारीक लव असते, आत दोन-तीन दाणे, आणि शेंगा खोडाला पेरापेराशी घोसाने चिकटून येतात. पान तीन पानांचं. एआय शेंगवर्गीय पीक म्हटलं की वाटाण्याकडे ओढला जातो, हे मी तुरीतही पाहिलंय. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या लेखाला आम्ही असंच एक तयार केलेलं चित्र लावलं होतं. परभणीकडून एका वयस्कर वाचकाचा फोन आला. ते म्हणाले, "साहेब, लेख चांगलाय, पण ही तूर न्हाई, हा वटाणा हाय. तुमच्या हापिसात कुणी तूर बघितली न्हाई का?" मी तुरीच्या पट्ट्यातच लहानाचा मोठा झालो. तरी चित्र निवडताना मला ते दिसलं नव्हतं, कारण मी तूर मागितली होती आणि म्हणून मला तूरच दिसत होती.

रोपाच्या अवस्थेचं चित्र हवं असेल तर तिथेही एक हमखास फसवणूक होते. एआयचं रोप म्हणजे मातीतून वर आलेली नाजूक काडी आणि तिच्यावर दोन चकचकीत पानं. मिरचीचं म्हणा, सूर्यफुलाचं म्हणा, काहीही चालेल असं. सोयाबीन उगवताना आधी दाण्याची दोन जाड दलं मातीच्या वर येतात. त्यांच्यावर समोरासमोर दोन साधी, एकेकटी पानं फुटतात. तीन पानांचं पान त्याच्यानंतर येतं. चित्रात खाली जाड दलं, मध्ये साध्या पानांची जोडी, वर तीन पानांचं पान, हा क्रम दिसला पाहिजे. नुकतं उगवलेलं असेल तर निदान दलं तरी. आणि माती काळी हवी. तुमच्या चित्रातली माती तांबूस आहे. औशाच्या माणसाला ते बघून "हे आपल्याकडचं नाही" असं पहिल्या क्षणी वाटणार, कारण त्याला सांगता आलं नाही तरी वाटणार.

तिसरी चूक वेळेची. चित्रात टळटळीत ऊन आहे आणि गोगलगाय उघड्यावर मजेत. शंखी गोगलगाय रात्री, पहाटे आणि झडीच्या ढगाळ दिवसात बाहेर पडते. ऊन चढलं की ती दगडाखाली, बांधावरच्या गवतात, ओल्या पाचोळ्यात जाऊन बसते. तुमच्या लेखात "संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट अंथरा आणि सकाळी लवकर त्याखालच्या गोगलगायी गोळा करा" असं लिहिलंय. चित्र मात्र सांगतंय की दुपारी बारा वाजता शेतात गेलात तर सापडतील.

चौथी चूक सगळ्यात वाईट, तिच्यासाठीच मी सुरुवातीला छापू नका म्हटलं. शेतकऱ्याने गोगलगाय उघड्या तळहातावर धरलीय आणि तो हसतोय. गोगलगायीच्या अंगात उंदरांकडून आलेला एक कृमी असू शकतो. तो माणसाच्या शरीरात गेला तर मेंदूपर्यंत पोहोचून गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून गोळा करताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, असं सांगितलं जातं. तुमच्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात तेच आहे. पण तिसरा परिच्छेद किती जण वाचतील आणि चित्र किती जण बघतील? ज्यांना वाचता येत नाही असे सभासद चित्रच बघणार. घरातली पोरं चित्रच बघणार. चित्र म्हणतंय, हातात घ्या, काही होत नाही.

हा माझ्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि बहुतेक याद्यांमध्ये तो नसतो. चित्र लेखाच्या उलट काही शिकवतंय का? एआय चित्रात माणसं प्रसन्न असतात, उघड्या हाताची असतात, चेहरा झाकलेला नसतो, कारण तशीच छान दिसणारी चित्रं त्याने जास्त पाहिलीत. फवारणीचं चित्र मागा. शेतकरी पाठीवर पंप घेऊन, तोंड उघडं, हात उघडे, अनवाणी, वाऱ्याच्या तोंडावर फवारताना येईल आणि संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशात तो फवारा सुंदर चमकत असेल. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर ज्या अंकात औषधाविषयी एक ओळही आहे, त्या अंकात मास्क-हातमोज्याशिवाय फवारणाऱ्या माणसाचं चित्र मी जाऊ दिलेलं नाही. मग तो खरा फोटो असो की तयार केलेला. तपासायची रीत सोपी आहे. लेखातली "हे करा" आणि "हे करू नका" अशी सगळी वाक्यं एका कागदावर काढा, मग कागद बाजूला ठेवून चित्रातला माणूस प्रत्येक वाक्य पाळतोय का ते बघा. गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा उल्लेख असेल आणि चित्रात कोपऱ्यात कुत्रं किंवा कोंबड्या आल्या असतील, तर तेही याच खात्यात. एआयला गावाकडचं दृश्य म्हटलं की कोंबड्या घालायची खोड आहे, आणि त्या गोळ्या जनावरांना विषारी असतात.

आता तपासणी कोणी करायची ते सांगतो, कारण इथेच बहुतेक ठिकाणी घोळ होतो. ज्याने चित्र करून घेतलं त्याने ते पास करायचं नाही. तुम्ही दहा वेळा प्रॉम्प्ट बदलून, नऊ चित्रं टाकून दहावं निवडता. ते दहावं तुम्हाला नवव्यापेक्षा चांगलं म्हणून चांगलं वाटतं. आम्ही असं करतो: चित्र लेखाशिवाय, मथळ्याशिवाय, नुसतं कागदावर छापून दोन माणसांना दाखवतो. त्यातला एक त्या विषयातला असतो. तुमच्याकडे तर तो शोधायलाच नको, कंपनीच्या गोदामावर माल घेऊन आलेला कुठलाही सभासद चालेल. त्याला "यात काय चुकलंय?" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस शिष्टाचाराने "काही नाही, मस्तय" म्हणतो. तीन साधे प्रश्न विचारायचे: दादा, हे काय आहे? कुठलं आहे? हा माणूस काय करतोय? आणि मग गप्प बसायचं. तुमचं चित्र मी इथे आमच्या शिपाईमामांना दाखवलं, त्यांची अंबडकडे पाच एकर आहे. ते म्हणाले, "बाहेरदेशातलं दिसतंय. वटाणा हाय. शंख हातात घेऊन दाखवाय लागलाय, फोटोसाठी." तीन प्रश्नांत तीन चुका निघाल्या, आणि ते शाळा चौथीपर्यंत शिकलेत.

दुसरा माणूस विषयातला नसला तरी चालेल, पण नजर बारीक हवी. त्याने चित्र पूर्ण आकारात, म्हणजे शंभर टक्क्यांवर उघडायचं आणि मधोमध न बघता कडेने बघायला सुरुवात करायची. मध्यभागी एआयने मेहनत घेतलेली असते, घाण कडेला असते. कोपऱ्यातल्या बैलाला पाच पाय असतात, मागच्या माणसाचा हात औताच्या लाकडात विरघळलेला असतो, तारेचं कुंपण मध्येच झाडाची फांदी होतं. हातात खुरपं किंवा विळा असेल तर दांडा मुठीतून खरंच आरपार जातोय का आणि धार कुठल्या बाजूला आहे ते बघा. जनावरं असतील तर वशिंड बघा, कारण पाश्चात्त्य गाय फार पटकन घुसते. लातूरची देवणी पांढऱ्या अंगावर काळ्या डागांची, लोंबत्या कानांची. नांदेडकडची लाल कंधारी पूर्ण तांबडी. तुमच्या वाचकाला जनावराची जात माणसाच्या चेहऱ्याइतकी ओळखू येते, हे विसरू नका.

अक्षरांबद्दल माझा नियम एका ओळीचा आहे: चित्रात अक्षर नको. पोत्यावर, टोपीवर, ट्रॅक्टरवर, मागच्या दुकानाच्या पाटीवर, कुठेही नाही. देवनागरी अजूनही बिघडते. शिरोरेघ मध्येच तुटते, जोडाक्षराचे दोन तुकडे होतात, वेलांटी भलत्या अक्षराला लागते, आणि खताच्या पोत्यावर "यूरिया" वाचता वाचता भलतंच काही तरी निघतं. शब्द बरोबर आला तर धोका आणखी मोठा, कारण तो एखाद्या खऱ्या कंपनीच्या नावाशी मिळता असू शकतो. वाहनाच्या नंबरप्लेटचंही तेच. MH 24 लिहून पुढे चार आकडे आले, तर लातूर जिल्ह्यात त्या नंबरचं खरं वाहन असू शकतं आणि त्याचा मालक तुमचा सभासदही असू शकतो. अक्षरं पुसा, नाही तर त्या भागाची कातर मारा. मजकूर हवाच असेल तर मांडणी करताना आपल्या फॉन्टमध्ये वरून टाका.

चेहऱ्याचं थोडं वेगळं आहे. लेखात एखाद्या खऱ्या शेतकऱ्याचा अनुभव असेल, नावासकट, तर त्याच्याशेजारी तयार केलेला चेहरा कधीही लावायचा नाही. वाचक तो चेहरा त्याच माणसाचा समजणार. आणि चित्रातला माणूस गावातल्या कुणासारखा दिसतोय का, तेही त्या दोन तपासनीसांना विचारा. एवढ्यासाठी मी अशा चित्रात माणूस पाठमोरा किंवा नुसते हात पसंत करतो. तुमच्या चित्रातला चेहरा गोरापान, दाढी कोरलेली, फेटा कडक इस्त्रीचा आहे. जुलैत चिखलात उभा असलेला माणूस तसा नसतो.

आकाराची एक अडचण मोजून दाखवतो. तुमची फाइल 1024 पिक्सेल रुंद आहे. छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे ती साधारण साडेआठ सेंटिमीटर रुंदीपर्यंत नीट छापेल, एका कॉलमाला पुरेल. पूर्ण ए-4 पानावर ताणलीत तर इंचाला सव्वाशेच्या आसपास राहतील आणि चित्र लोण्यासारखं दिसेल. मग कुणी तरी एखाद्या अॅपने ते मोठं करून देईल. तसं केलंत तर सगळी तपासणी पुन्हा करावी लागते, कारण मोठं करणारं अॅपही नसलेला तपशील स्वतःच्या मनाने भरतं. लांबच्या बायामाणसांचे चेहरे वाकडे झालेले मी तिथेच पाहिलेत.

फोटोओळीत काय लिहायचं, हे विचारलं नाहीत तरी सांगतो. नुसतं "प्रातिनिधिक छायाचित्र" लिहू नका. वाचक त्याचा अर्थ "खरा फोटो, दुसऱ्या ठिकाणचा" असा घेतो, आणि वर्षानुवर्षं आपण वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला तोच अर्थ शिकवलाय. "सौजन्य: एआय" हेही नको. सौजन्य म्हटलं की कुणी तरी काढलेला फोटो वाटतो. सरळ लिहा: "हे चित्र एआयने तयार केलेले आहे, खरा फोटो नाही." आणि ही ओळ फोटोखाली न ठेवता चित्राच्या आतच टाका. तुमचं बातमीपत्र लोक वाचतात त्यापेक्षा जास्त त्याचं पान, किंवा नुसतं चित्र, व्हॉट्सअॅपवर फिरतं. चित्र कापून पुढे गेलं की खालची ओळ मागे राहते. म्हणून ओळ अगदी कडेलाही नको, थोडी आत, जिथून कापली तर चित्रही बिघडेल अशी. अक्षर निदान लेखाच्या अक्षराएवढं.

वेबसाइटसाठी फाइलच्या आतही नोंद करून ठेवा. उदाहरणाला मुखपृष्ठासाठी पुढे सुचवलेलं पहाटेच्या बांधाचं चित्र घेतो. exiftool नावाचं मोफत साधन आहे. त्याने ही एक आज्ञा दिली की फाइलमध्ये "हे यंत्राने तयार केलेलं आहे" अशी खूण बसते. ती खूण वृत्तसंस्था वापरतात त्याच पद्धतीची आहे:

```
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType="http://cv.iptc.org/newscodes/digitalsourcetype/trainedAlgorithmicMedia" bandh-pahat.jpg
```

पण हिच्यावर एकटीवर विसंबू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की फाइलमधल्या अशा नोंदी निघून जातात. म्हणून तर चित्रातली ओळ हवी. वेबसाइटवर चित्राच्या वर्णनाची जी जागा असते, जी अंध वाचकांना मोबाइल वाचून दाखवतो, तिथेही "एआयने तयार केलेलं चित्र: पहाटेचा ओला बांध" असं लिहा. फाइलचं नाव gogalgay.jpg ठेवू नका. उद्या कुणी गोगलगायीचा फोटो शोधताना तुमचं चित्र वर येईल आणि दुसऱ्या कुणाच्या पत्रकात कीड म्हणून छापलं जाईल.

आता तुमच्या अंकाचं काय करायचं ते सांगतो. कीड दाखवायला खरा फोटो लावा, आणि तो मिळवणं अवघड नाही. जुलै आहे, पाऊस चालू आहे. कुणाही सभासदाला सांगा, उद्या पहाटे उजाडता उजाडता बांधावर जा, गोगलगायीशेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि वरून एक, बाजूने एक असे दोन फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवायचा, ओल्या कवचावर तो पांढरा डाग पाडतो. फोटो व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दबणार नाही आणि कधी काढला तेही फाइलमध्ये राहील. दुसरा फोटो खाल्लेल्या रोपाचा, जवळ वाळलेल्या चिकट चंदेरी मागासह. तो माग दिसला की नुकसान गोगलगायीचं आहे हे शेतकऱ्याला कळतं, अळीचं नाही. कुणालाच जमलं नाही तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात विचारा. फोटो वापरायची परवानगी लेखी घ्या आणि ज्यांनी काढला त्यांचं नाव फोटोओळीत द्या.

एआय चित्र तुम्हाला मुखपृष्ठावर वापरता येईल, तिथे वाचक त्यावरून काही ओळखणार नाही. पहाटेचा ओला बांध, काळी माती, लांबवर ढग, माणूस पाठमोरा, हातात हातमोजे आणि बादली. गोगलगाय त्यात नकोच, रोपंही इतकी लांब की पान मोजता येऊ नये. प्रॉम्प्टमध्ये "मराठवाडा" लिहून भागत नाही. काळी माती, बांधावर बाभूळ आणि कडुनिंब, सपाट, उघडं रान, असं एकेक सांगावं लागतं. तरीही डोंगर आले तर ते चित्र टाकून द्या. आणि पास झालेल्या चित्रासोबत एक छोटी नोंद ठेवा: मूळ फाइल, कुठल्या साधनावर, कुठल्या तारखेला, प्रॉम्प्ट काय होता, कोणी तपासलं. वर्षभराने कुणी विचारलं तर उत्तर हाताशी असतं.

तुमचं आत्ताचं चित्र कुणा ग्रुपवर आधीच गेलं असेल, तर पुढच्या अंकाची वाट बघू नका. त्याच ग्रुपवर तेच चित्र लाल फुली मारून टाका, शेजारी काडेपेटीवाला खरा फोटो, आणि खाली एवढंच: "आधीच्या चित्रातली गोगलगाय आपल्याकडची नाही. शंखी गोगलगाय अशी दिसते. उघड्या हाताने उचलू नका."